संदर्भ भरपूर आहेत, पण तुझं म्हणणं कुठे आहे?

पत्र: नमस्कार सर, मी एमएच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या तिसवाडीतल्या गावच्या खाजनाचा, म्हणजे भरतीचं पाणी अडवून केलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध का फुटतो यावर डिझर्टेशन लिहितेय, मराठीतून. दुसरं प्रकरण गाईडना दाखवलं तर ते म्हणाले, नुसती ठिगळं लावलीयेस, तुझं काय म्हणणं आहे ते कुठेय? पण सर, पहिल्या प्रकरणाला हेच म्हणाले होते की प्रत्येक गोष्टीला संदर्भ दे. मग मी दिले. एका पानावर सहा-सात अवतरणं आहेत, सगळ्यांची नावं, पान नंबर व्यवस्थित आहेत. सॉफ्टवेअरमध्ये साम्य फक्त ४ टक्के आलं. चोरी नाही, चूक नाही, मग अडचण काय? आता दोनच मार्ग दिसतात, एक तर अवतरणं कमी करून तीच वाक्यं माझ्या शब्दांत फिरवून लिहायची, नाहीतर मध्ये मध्ये माझी मतं घालायची. पण मी साधी विद्यार्थिनी, माझ्या मताला कोण विचारतंय? एक पान आणि माझी टिपणं सोबत पाठवतेय. – डिचोलीहून एक वाचक

उत्तर:

बाय, पान वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचून झाल्यावर माझ्या हाती काय लागलं तेच कळेना, आणि विषय तर असा की मला उत्सुकता होती. आधी तो ४ टक्क्यांचा विषय बाजूला करू, कारण तो आकडा बघून तू निर्धास्त झालीयस असं दिसतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही हे खरं, पण त्याच नियमांत असंही आहे की रीतसर संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं त्या मोजणीतून वगळायची. म्हणजे सगळं पान अवतरणांनी भरलं तरी आकडा कमीच येईल. त्यात तुझे बरेचसे सोर्स इंग्रजीत आहेत आणि तू लिहितेयस मराठीत, सॉफ्टवेअरला जुळवायला काही सापडणारच नाही. तो आकडा शब्द कुणाचे हे सांगतो (तेही अर्धवट), युक्तिवाद कुणाचा हे सांगत नाही, आणि गाईड विचारतायत ते दुसरं.

आता एक काम कर. तू पाठवलेल्या पानावरची सगळी अवतरणं हाताने झाक आणि उरलेलं मोठ्याने वाच. मी वाचलं ते असं:

"याविषयी अमुक म्हणतात, '……'. तसेच तमुक यांच्या मते, '……'. याशिवाय सरकारी अहवालात म्हटले आहे की, '……'. यावरून असे दिसून येते की खाजन हा महत्त्वाचा विषय आहे. आणखी एका अभ्यासकाने म्हटले आहे, '……'."

उरलं काय? म्हणतात, तसेच, याशिवाय, आणखी. म्हणजे तू इथे सूत्रसंचालन करतेयस, एकेकाला स्टेजवर बोलावतेयस आणि माइक देऊन बाजूला होतेयस. तुझं असं एकच वाक्य आहे, 'महत्त्वाचा विषय आहे', आणि ते कुठल्याही डिझर्टेशनमध्ये कुठल्याही पानावर बसेल. ही झाकून वाचायची युक्ती दुसऱ्या कुणाच्याही लेखनाला चालते, बीएचा प्रोजेक्ट असो की पेपरातला लेख. अवतरणं झाकल्यावर उरलेल्या वाक्यांवरून वाद कशाबद्दल चाललाय आणि लिहिणारा कुठे उभा आहे एवढं कळलं तर ठीक. नाही कळलं तर संदर्भ कितीही अचूक असोत, तो माल गोळा करून ठेवलाय एवढंच.

तू सुचवलेल्या दोन मार्गांपैकी पहिला, वाक्यं फिरवून लिहिणं, हा मला जास्त धोक्याचा वाटतो. अवतरणात निदान शब्द कुणाचे हे स्पष्ट असतं. फिरवून लिहिताना काय होतं तर मूळ वाक्य समोर ठेवून आपण दोन-चार शब्द बदलतो, क्रम उलटा करतो, आणि वाक्याचा सांगाडा त्यांचाच राहतो. याला पॅचरायटिंग म्हणतात, रेबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन प्राध्यापिकेने १९९० च्या दशकात हा शब्द रूढ केला आणि तिचं म्हणणं असं की विद्यार्थी हे बहुतेक वेळा चोरी म्हणून करत नाहीत, मजकूर पुरता पचलेला नसतो म्हणून करतात. नंतर ती आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १६ कॉलेजांमधले १७४ पेपर ओळ न् ओळ तपासले, तर विद्यार्थ्यांनी सोर्स जिथे जिथे वापरला होता त्यात मूळ लेखाचा खरा सारांश काढलेली ठिकाणं जेमतेम ६ टक्के. बाकी सगळं वाक्यावाक्याने उचललेलं, मग कधी अवतरण करून कधी शब्द फिरवून. म्हणजे पोरं लेख वाचत नव्हती, लेखातलं वापरण्याजोगं वाक्य शोधत होती. तुझ्या पानावरही मला तसंच वाटलं, राग मानू नकोस. चार सोर्समधली चार वाक्यं आहेत, पण त्या लेखकांचं एकूण म्हणणं काय ते एकाचंही नाहीये.

दुसरा मार्ग, मध्ये मध्ये आपलं मत घालणं. इथे 'माझ्या मताला कोण विचारतंय' हा तुझा प्रश्न रास्त आहे, खरंच कोणी विचारत नाही. पण गाईडनी मत मागितलंय असं मला वाटत नाही. 'मला वाटतं खाजन वाचली पाहिजेत' हे मत झालं, त्याला ना संदर्भ लागतो ना अभ्यास. ते विचारतायत की या चार माणसांना तू एका प्रश्नावर एकत्र बसवलंस तेव्हा काय निघालं, कोण कुणाशी जुळतं, कोण कशाबद्दल गप्प आहे, आणि तुझ्या गावच्या बांधाला त्यातलं कोणाचं लागू पडतं. हे त्या चौघांपैकी एकालाही सांगता येणार नाही, कारण त्यांनी एकमेकांना वाचून लिहिलेलं नाही आणि लेख लिहिणारे तुझ्या बांधावर गेलेले नाहीत. चारही जण वाचलेले आणि बांध पाहिलेला असं माणूस तूच एकटी, तेव्हा तो अधिकार तुझाच आहे, त्याला डॉक्टरेट लागत नाही.

तर मग करायचं कसं? लिहायला बसण्याच्या आधीच्या पायरीवर. तुझी टिपणं सोर्सप्रमाणे आहेत, एका लेखाचं एक पान, त्यात आवडलेली वाक्यं. अशी टिपणं असली की लिहितानाही तोच क्रम येतो, आधी हा म्हणाला मग तो म्हणाला, दुसरं होणारच नाही. त्याऐवजी एक मोठा कागद आडवा घे. वर सोर्सची नावं लिही आणि डाव्या बाजूला प्रश्न. प्रश्न खूप नकोत, तीन पुरे. तुझ्या विषयात मी हे घेतले असते: बांधाची जबाबदारी कुणाची होती आणि ती कधी बदलली? बांध कमजोर राहण्यात कुणाचा फायदा आहे का? प्रत्यक्ष मोडतोड कशाने होते? आणि प्रत्येक चौकोनात वाक्य उतरवायचं नाही, पुस्तक मिटून आपल्या शब्दांत दोन ओळी लिहायच्या आणि पुढे पान नंबर. पुस्तक मिटायचं हे खरंच कर, उघडं ठेवलं की डोळा तिकडे जातोच आणि त्यांचं वाक्य आपल्या पेनातून उतरतं.

तुझ्या पानावरून आणि पत्रासोबतच्या टिपणांवरून मी तुझा तक्ता भरून बघितला. (नावं घालत नाही, तुझं पत्र ओळखू येईल.) तुझ्या इतिहासकार बाईंचं एकूण म्हणणं असं दिसतं की पूर्वी बांधाची देखभाल कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीची जुनी गावसंस्था, बघायची, कामाची वाटणी ठरलेली, हयगय केली तर दंड. १९६४ च्या कुळकायद्यानंतर आणि मग १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्यांकडे जमीन गेल्यावर ही जबाबदारी कुळांच्या संघांवर आली, पण त्यामागची शिस्त आली नाही. दुसरा तुझा मासळीवाला अभ्यासक. तो त्याच कुळसंघांबद्दल लिहितो, पण त्याचं सगळं लक्ष मानशीवर, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या बांधातल्या झडपांच्या दारावर. मानशीच्या मासेमारीचा लिलाव होतो, पैसा संघाला मिळतो, आणि ज्याने लिलाव घेतला त्याला मासळीसाठी भरतीचं पाणी आत हवं असतं, म्हणून झडपा नको तेव्हा उघड्या राहतात आणि खारं पाणी शेतात येतं. तिसरा सरकारी अहवाल, तो खनिजाच्या बार्जींवर बोट ठेवतो, बार्ज गेली की लाट येते, बांधाचा पाया झिजतो. चौथं म्हणजे तू स्वतः घेतलेली एका म्हाताऱ्या कुळाची मुलाखत.

आता हा तक्ता आडवा वाच, उभा नको. 'जबाबदारी कुणाची' या ओळीत इतिहासकार बाई भरपूर बोलतात, मासळीवाला थोडं, अहवाल अगदी गप्प. 'कुणाचा फायदा' या ओळीत इतिहासकार बाईंचा चौकोन रिकामा आहे. हा रिकामा चौकोन सोन्यासारखा आहे बघ! त्या म्हणतात संघांनी हेळसांड केली, आणि शेजारच्याच चौकोनात मासळीवाला सांगतोय की संघाला पाणी आत येण्यातूनच पैसा मिळतो. दोघांनी एकमेकांचं नाव घेतलेलं नाही, पण शेजारी ठेवल्यावर एक नवीन गोष्ट दिसते जी दोघांच्याही लेखात नाही: जी हेळसांड वाटते ती कदाचित हिशोब करून केलेली असेल. हे तुझं म्हणणं, आणि ते आलंय पूर्णपणे सोर्समधूनच. सिंथेसिस सिंथेसिस म्हणतात ते एवढंच, दोन सोर्स एका प्रश्नापुढे ठेवल्यावर तिसरं काय दिसतं.

तिसऱ्या ओळीत आणखी एक गंमत आहे, ती तू तुझ्या टिपणात लिहिलीयस आणि प्रकरणात मात्र घातलीच नाहीस. गोव्यात २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या आणि बार्जींची ये-जा थांबली. तुझ्या गावचा बांध त्यानंतरच्या पावसाळ्यात फुटला, आणि फुटला तो नदीच्या बाजूने नाही, आतल्या खाडीच्या बाजूने, जिथे बार्ज शिरतच नाही. अहवाल खोटा पडला असं लगेच म्हणू नको, कारण झीज आधीच होऊन राहिलेली असू शकते आणि नदीकाठच्या बांधांना त्याचं म्हणणं लागूही पडत असेल. पण तुझ्या गावच्या आतल्या बांधाला ते पुरत नाही, एवढं तू ठामपणे म्हणू शकतेस. आणि हा अहवालाला दिलेला मान आहे बरं का, त्याचं म्हणणं कुठवर चालतं हे तपासणं. नुसतं त्याचं वाक्य चिकटवलं असतं तर तू त्याच्याशी बोललीच नसतीस.

आता हेच परिच्छेदात कसं येईल, मी एक नमुना लिहितो, माणसांच्या जागी सोयीची नावं घातलीत आणि पान नंबर तू घाल:

"आमच्या खाजनाचा बांध का फुटतो याची तीन कारणं दिली जातात, पण ती एकाच प्रश्नाची तीन उत्तरं नाहीत. इतिहासकारांचा भर जबाबदारीवर आहे: कुळकायद्यानंतर बांधाचं काम कोमुनिदादीकडून कुळसंघांकडे आलं, पण दंडाची आणि वाटणीची जुनी शिस्त आली नाही, असं त्या दाखवून देतात (पृ. –). मत्स्य अभ्यासक याच संघांकडे बघतात, मात्र त्यांना तिथे शिस्तीचा अभाव नाही तर उत्पन्न दिसतं. मानशीच्या लिलावाचा पैसा संघाकडे येतो आणि लिलाव घेणाऱ्याला भरतीचं पाणी आत हवं असतं, याकडे ते लक्ष वेधतात (पृ. –). ही दोन निरीक्षणं एकत्र ठेवली तर इतिहासकार जिला हेळसांड समजतात ती निदान काही ठिकाणी सोयीची हेळसांड असू शकते. गावातल्या एका वृद्ध कुळाने मुलाखतीत मानशीच्या झडपांबद्दल हेच सुचवलं. सरकारी अहवाल मात्र या दोन्हींना बाजूला ठेवून बार्जींच्या लाटांना जबाबदार धरतो (पृ. –). नदीच्या बाजूच्या बांधांबाबत ते संभवनीय आहे, पण आमचा बांध बार्ज बंद झाल्यानंतर आणि आतल्या खाडीच्या बाजूने फुटला. त्यामुळे या गावापुरता शोध लाटांपासून नव्हे, मानशीपासून सुरू करायला हवा."

एकही अवतरण नाही, संदर्भ मात्र सगळे आहेत. आणि हाताने झाकायचं म्हटलं तर झाकायला काही नाही, तरी कोण काय म्हणतं हे कुठेच गोंधळत नाही. ते कशामुळे, तर ओळख करून देणाऱ्या वाक्प्रयोगांमुळे, इंग्रजीत सिग्नल फ्रेज म्हणतात त्या. यात मला दोन गोष्टी सविस्तर सांगायच्यात कारण मराठीतून लिहिणारे जवळजवळ सगळे इथे अडखळतात.

पहिली, क्रियापद. तुझ्या पानावर सगळेच जण 'म्हणतात'. 'म्हणतात' हे चुकीचं नाही, पण ते काहीच सांगत नाही, बाजारात भेटलेला माणूसही म्हणतोच. 'दाखवून देतात' असं लिहिलंस की त्याचा पुरावा तुला पटलाय असा अर्थ होतो. 'दावा करतात' म्हटलंस की तू हात थोडा मागे घेतलास. 'मान्य करतात' म्हणजे ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या मांडणीला अडचणीची होती तरी त्यांनी कबूल केली. 'गृहीत धरतात' म्हणजे त्यांनी ते सिद्ध केलेलं नाही आणि तुला ते दिसलंय. 'लक्ष वेधतात', 'सुचवतात', 'नोंदवतात', 'आक्षेप घेतात', प्रत्येकाचं वजन वेगळं. म्हणून केवळ वैविध्य हवं म्हणून ही क्रियापदं बदलत जाऊ नकोस, शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा नको म्हणतात तसं. बऱ्याच डिझर्टेशनमध्ये हे बघतो, एका ओळीत 'प्रतिपादन करतात', पुढच्या ओळीत 'नमूद करतात', मग 'विशद करतात', आणि तिघांनी केलंय मात्र एकच. ज्याने सर्व्हे करून आकडे दिले तो 'दाखवतो', ज्याने प्रस्तावनेत एक ओळ टाकली तो 'सुचवतो', एवढी प्रामाणिक निवड केली तरी अर्धा युक्तिवाद क्रियापदांतूनच उभा राहतो.

दुसरी गोष्ट जागेची. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे आपण सहज लिहितो की '(मग चार ओळींचं वाक्य) … असे अमुक म्हणतात'. वाचणारा त्या चार ओळी तुझ्या समजून वाचतो आणि शेवटी त्याला कळतं की अरे, हे दुसऱ्याचं होतं. छोट्या वाक्यात चालून जातं, लांब वाक्यात नाही. म्हणून नाव आधी आण: 'अमुक यांच्या मांडणीनुसार', 'अमुक यांचा भर … वर आहे', 'अमुक दाखवतात की'. नाव हे सुरुवातीचं दार आणि पान नंबर हे शेवटचं, या दोन दारांच्या मधलं सगळं त्यांचं, बाहेरचं तुझं. माझ्या नमुन्यात मत्स्य अभ्यासकांचा पान नंबर आला की लगेच पुढचं वाक्य सुरू होतं 'ही दोन निरीक्षणं एकत्र ठेवली तर', ते वाक्य माझं आहे हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. उलट परिच्छेदाच्या अगदी शेवटी एकच कंस टाकून त्यात तीन नावं कोंबली तर कुठलं वाक्य कुणाचं हे परीक्षकाला कळायचं नाही, आणि नेमकं तुझं स्वतःचं चांगलं वाक्यही त्या तिघांच्या खात्यात जाईल.

हे वाचून तुला वाटेल की आता अवतरणं द्यायचीच नाहीत. तसं नाही. जिथे शब्द हाच पुरावा आहे तिथे द्यायलाच हवीत. कुळकायद्यातलं किंवा त्याखालच्या १९७५ च्या नियमांतलं एखादं कलम, बांध दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी कुळांवर 'संयुक्तपणे' टाकणारं, तिथे नेमका शब्द महत्त्वाचा, तो बदलून चालणार नाही. तुझ्या म्हाताऱ्या कुळाचं मानशीबद्दलचं बोलणं, ते कोंकणीत आहे आणि त्याच्या बोलण्याला जो खार आहे तो तुझ्या प्रमाण मराठीत उतरणार नाही, ते तसंच दे, खाली मराठीत अर्थ दे. पण अवतरण दिल्यावर त्याला एकटं सोडून पुढे जायचं नाही. 'यावरून असे दिसून येते की' असं लिहून तेच वाक्य पुन्हा सांगायचं नाही, त्यातला कुठला शब्द तुझ्या प्रश्नाला लागतो ते सांगायचं. 'संयुक्तपणे' या शब्दाने सगळ्यांवर टाकलेली जबाबदारी कुणा एकावर पडते का, असं काहीतरी. आणि शक्यतो पूर्ण वाक्य न घेता तेवढे दोन-तीन शब्दच घेऊन आपल्या वाक्यात ओव. व्याकरण मात्र जुळव, तुझं वाक्य एकवचनी आणि अवतरण अनेकवचनी असं झालं की वाचताना ठेच लागते.

इंग्रजी सोर्सचं आणखी एक. तू इंग्रजी वाक्याचं भाषांतर करून त्याला अवतरणचिन्हं दिलीयस, बहुतेक ठिकाणी. ते शब्द त्या लेखकाचे नाहीत गं, तुझे आहेत. भाषांतर अवतरणात टाकायचंच असेल तर पहिल्यांदा एकदा 'भाषांतर माझे' अशी टीप हवी, आणि मूळ इंग्रजी पाहिजे तर तळटीपेत. पण खरं विचारशील तर जिथे भाषांतर करायलाच लागतंय तिथे ते अवतरण ठेवण्याचं कारणच उरत नाही, नेमके शब्द तर गेलेच. तिथे सरळ नाव घेऊन आपल्या शब्दांत सांग आणि पान नंबर दे. तुझ्या पानावरची निम्मी अवतरणं एवढ्या एका नियमाने जातील.

आता धोक्याच्या दोन जागा, कारण तक्ता करायला लागलीस की त्या येणारच. एक म्हणजे सगळ्यांना एका माळेत ओवणं: 'अनेक अभ्यासकांच्या मते बांध दुर्लक्षामुळे फुटतात' आणि कंसात चार नावं. ऐकायला सिंथेसिससारखं वाटतं पण तुझ्याच तक्त्यात बघ, चौघांपैकी असं एकटीच म्हणते. चार नावं एका वाक्यामागे टाकायची तर चौघांनीही तेच म्हटलेलं असलं पाहिजे, नुसता त्याच विषयावर लिहिलंय हे पुरत नाही. दुसरा धोका उलटा, भांडण लावण्याचा. इतिहासकार बाई आणि मासळीवाला एकमेकांच्या विरोधात आहेत असं दाखवण्याचा मोह होईल, 'याउलट' लिहिलं की लेखनात जान आल्यासारखं वाटतं. पण ते दोघे विरोधात नाहीत, वेगळ्या ठिकाणी उभे राहून तेच बघतायत. 'याउलट' लिहिण्याआधी स्वतःला विचार, एक खरा असेल तर दुसरा खोटा पडतो का? पडत नसेल तर 'याउलट' नको, 'मात्र' किंवा 'त्यातच' पुरे. आणि सोर्सचं वर्षही बघत जा. १९९० च्या दशकातल्या लेखाला खाणबंदी माहीत असणं शक्य नाही, त्याने ती लक्षात घेतली नाही म्हणून त्याला दोष देणं म्हणजे अन्याय, पण 'हे खाणी जोरात असतानाचं निरीक्षण आहे' असं एका ओळीत सांगितलंस तर वाचणाऱ्याला मदत होते.

गाईडच्या दोन सूचना तुला उलटसुलट वाटल्या, 'संदर्भ दे' आणि 'तुझं म्हणणं सांग'. मला त्या उलट वाटत नाहीत. तू त्या वेगवेगळ्या वाक्यांना लागू करायच्या ऐवजी दोन्ही एकाच वाक्यावर लावतेयस. सोर्सच्या माहितीच्या वाक्याला संदर्भ हवा. त्यांच्यातलं नातं सांगणाऱ्या वाक्याला संदर्भ नसतो कारण ते नातं तू लावलंयस, तिथे रिकामा कंस बघून घाबरून कुणाचं तरी नाव चिकटवू नकोस. साधारणपणे परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य तुझं असावं. पहिलं अवतरणाने सुरू होत असेल आणि शेवटचंही अवतरणाने संपत असेल तर तो परिच्छेद पुन्हा लिहायला काढ. हा काही कायदा नाही, पण प्रकरण तपासताना नुसती पहिली-शेवटची वाक्यं मार्करने रंगवत गेलीस तर दहा मिनिटांत दुखणं कुठे आहे ते दिसेल.

आता लगेच अख्खं प्रकरण फिरवायला घेऊ नकोस, वैतागशील. तक्ता कर, त्यातली सगळ्यात जास्त काही नवीन दाखवणारी एक आडवी ओळ निवड, तुझ्या बाबतीत ती 'कुणाचा फायदा' हीच असेल असं वाटतं, आणि त्या एका ओळीचा एक परिच्छेद लिही. माझा नमुना जसाच्या तसा उचलू नकोस, त्यातले निष्कर्ष मी तुझ्या टिपणांवरून अंदाजाने लिहिलेत, मूळ लेख मी वाचलेले नाहीत आणि मासळीवाल्याचे लिलावाचे आकडे तर तू नीट तपासायला हवेस, ते तुझ्याच गावचे आहेत की दुसऱ्या तालुक्यातले तेही. मग तक्ता आणि तो परिच्छेद दोन्ही घेऊन गाईडकडे जा. नुसता परिच्छेद दाखवलास तर ते भाषेवर बोलतील, तक्ता सोबत असला की रिकामे चौकोन बघून ते सांगतील आणखी काय वाचायचं. मानशीच्या लिलावावर कुळाच्या बाजूने लिहिलेलं एकही काही तुझ्या यादीत नाहीये, मला वाटतं ते पहिला प्रश्न तिथलाच विचारतील.